तीन वॅटच्या एलईडीसाठी स्थिर विद्युतप्रवाहाचा ड्रायव्हर: ऑप-अँप, मॉसफेट आणि उष्णतेचा हिशेब

एका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला होता. त्याजागी मी तीन वॅटचा पांढरा एलईडी बसवला आणि बाजारातला तयार स्विचिंग ड्रायव्हर जोडला. डोळ्यांना उजेड छान दिसत होता, पण बाईंनी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून कांद्याच्या सालीच्या पेशी दाखवायला घेतल्या, तेव्हा पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकू लागले. उजेड कमी-जास्त करण्यासाठी तो ड्रायव्हर एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत होता आणि कॅमेरा ते पकडत होता.

अशा ठिकाणी लिनिअर ड्रायव्हर लागतो, म्हणजे प्रवाह न तोडता सतत धरून ठेवणारा. त्याचं सर्किट अगदी लहान असतं: एक छोटा रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर आणि एक ऑप-अँप. ते चालू करणं अवघड नाही. उष्णता कुठे आणि किती निर्माण होते हे आधी न मोजता जोडलं, तर मात्र ते टिकत नाही. मला ते दुसऱ्या प्रयत्नात जमलं. तुम्हाला पहिल्यातच जमावं म्हणून सगळा क्रम आकड्यांसकट लिहितो आहे.

## काय काय लागेल

- तीन वॅटचा पांढरा एलईडी, अ‍ॅल्युमिनियमच्या स्टार बोर्डवर बसवलेला, ७०० मिलिअँपचा
- ५ व्होल्टचा, किमान १.५ अँपचा चांगला अ‍ॅडॅप्टर
- एलएम३५८ ऑप-अँप आणि त्याचं सॉकेट
- आयआरएलझेड४४एन मॉसफेट
- ०.४७ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर
- टीएल४३१, १ किलोओहमचा पॉट, आणि ६.८ किलोओहम, १ किलोओहम (दोन नग) व १०० ओहमचे साधे रेझिस्टर
- १०० नॅनोफॅरडचे दोन, १० नॅनोफॅरडचा एक आणि ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर
- दोन हीटसिंक, इन्सुलेटिंग पॅड, थर्मल पेस्ट
- चाचणीसाठी चार १एन५४०८ डायोड
- झीरो पीसीबी, सोल्डरिंगचं सामान आणि मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं. मॉसफेट घेताना मात्र घाई करू नका. आयआरएलझेड४४एन मागितला तर आयआरएफझेड४४एन हातात पडण्याची शक्यता बरीच असते. फरक एका अक्षराचा आहे, पण या सर्किटमध्ये तोच महत्त्वाचा आहे. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

## १. आधी समजून घ्या: सर्किट काय करतं

एलईडीला ठराविक व्होल्टेज द्यायचं नसतं, ठराविक प्रवाह द्यायचा असतो. ७०० मिलिअँपच्या आसपास या एलईडीवर साधारण ३.३ व्होल्ट पडतात. पण त्याच जातीच्या एका नगावर ३.० पडतील, तर दुसऱ्यावर ३.६. शिवाय एलईडी तापला की हा आकडा खाली येतो. म्हणून व्होल्टेज बांधून दिलं तर प्रवाह भरकटतो.

आपण एलईडी, मॉसफेट आणि ०.४७ ओहमचा सेन्स रेझिस्टर एकामागोमाग एक जोडतो. एलईडीतून जाणारा सगळा प्रवाह त्या रेझिस्टरमधूनच जमिनीला जातो, त्यामुळे रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं की प्रवाह कळतो. ऑप-अँप हे व्होल्टेज आपण ठरवून दिलेल्या संदर्भ व्होल्टेजशी सतत ताडून पाहतो. कमी भरलं तर मॉसफेट जास्त उघडतो, जास्त भरलं तर आवळतो.

अ‍ॅडॅप्टरच्या व्होल्टेजपैकी एलईडी आणि रेझिस्टर यांच्या वाट्याला जे जात नाही, ते सगळं मॉसफेटवर पडतं, आणि प्रवाहाने गुणून त्याची उष्णता होते. या ड्रायव्हरचा बहुतेक विचार या एका वाक्याभोवती फिरतो.

## २. अ‍ॅडॅप्टर निवडण्याआधी वॅट मोजा

पहिल्या खेपेला घरात पडलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मी सरळ जोडला होता. हिशेब केला असता तर जोडला नसता. प्रवाह ०.६८ अँप धरला आहे, कारण पुढे निवडलेल्या किमतींना तोच येतो. सेन्स रेझिस्टरवर ०.३२ व्होल्ट पडतात.

```
P = (Vs - Vled - Vrs) * I

12 V : (12 - 3.3 - 0.32) * 0.68 = 5.7 W
 9 V : ( 9 - 3.3 - 0.32) * 0.68 = 3.7 W
 5 V : ( 5 - 3.3 - 0.32) * 0.68 = 0.94 W
```

एलईडी स्वतः जेमतेम सव्वादोन वॅट घेतो. १२ व्होल्टवर त्याच्या अडीचपट उष्णता मॉसफेटमध्ये जळते. आता मॉसफेटचं तापमान काढू. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० आकाराच्या मॉसफेटचा थर्मल रेझिस्टन्स ६२ अंश सेल्सिअस प्रति वॅट आहे. म्हणजे आत एक वॅट जळला की आतली चिप भोवतालच्या हवेपेक्षा ६२ अंशांनी तापते. ५.७ वॅटला हा आकडा साडेतीनशे अंशांवर जातो. या मॉसफेटची मर्यादा १७५ अंश आहे, म्हणजे तो त्याच्या बराच आधी जाणार. ५ व्होल्टवर तीच वाढ ५८ अंश येते.

पण ०.९४ वॅट हा सरासरी नगाचा आकडा झाला. हिशेब नेहमी वाईटात वाईट स्थितीचा करा. तुमच्या हाती ३.० व्होल्टचा एलईडी आला आणि अ‍ॅडॅप्टर ५.२५ व्होल्ट देत असला, तर:

```
(5.25 - 3.0 - 0.32) * 0.68 = 1.31 W
1.31 * 62 = 81 C
```

मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत ४५ अंश धरले तर आतली चिप १२६ अंशांवर जाते. कागदावर हे चालतं. पण बंद डब्यात भोवतालची हवाच तापते, आणि बोटाला चटका बसेल इतका मॉसफेट विद्यार्थ्यांच्या टेबलावर नको. सुमारे २० अंश प्रति वॅटचा, म्हणजे काडेपेटीहून थोडा मोठा पंख्यांचा हीटसिंक लावा. त्यात मॉसफेटचे आतले १.४ आणि जोडावरचे साधारण ०.५ मिळवले की एकूण २१.९ होतात. १.३१ वॅटला वाढ २९ अंश, म्हणजे ४५ च्या उकाड्यातही चिप ७४ अंशांवर राहते. इन्सुलेटिंग पॅडने जोडावरचा आकडा थोडा वाढतो, पण एवढ्या कमी वॅटला एखाद्या अंशाचाच फरक पडतो.

## ३. सेन्स रेझिस्टर आणि संदर्भ व्होल्टेज

सेन्स रेझिस्टर जितका लहान, तितका तो कमी तापतो. मग ०.१ ओहमच का घेऊ नये? कारण एलएम३५८ च्या दोन इनपुटांमध्ये स्वतःचीच काही मिलिव्होल्टची चूक असते, काही नगांत ७ मिलिव्होल्टपर्यंत. ०.१ ओहमवर एकूण ६८ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे प्रवाह दहा टक्क्यांनी चुकू शकतो. ०.४७ ओहमवर ३२० मिलिव्होल्ट मिळतात आणि तीच चूक दोन टक्क्यांवर येते. त्याची किंमत ०.२२ वॅट उष्णता, जी परवडते. पाव वॅटचा रेझिस्टर मात्र वापरू नका. तो लगेच जळणार नाही, पण चांगलाच तापेल, आणि तापला की त्याची किंमत सरकते. आपण ज्याने मोजतो आहोत ती फूटपट्टीच तापू नये.

संदर्भ व्होल्टेज थेट ५ व्होल्टमधून दोन रेझिस्टरनी काढता येतं, पण मग अ‍ॅडॅप्टर डुलला की उजेडही डुलतो. टीएल४३१ सुमारे २.५ व्होल्ट स्थिर धरतो. त्यातून ६.८ किलोओहम आणि १ किलोओहमच्या पॉटने कमाल ०.३२ व्होल्ट मिळतात. त्यामुळे पॉट पूर्ण फिरवला तरी प्रवाह ०.६८ अँपच्या पुढे जात नाही. प्रयोगशाळेत मुलं पॉट शेवटापर्यंत फिरवणारच, तेव्हा ही मर्यादा रेझिस्टरनेच घातलेली बरी.

एक सापळा इथे आहे. स्वस्त पॉटची खरी किंमत छापील किमतीपेक्षा वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. तुमचा १ किलोओहमचा पॉट प्रत्यक्षात १.२ निघाला तर कमाल प्रवाह ०.८ अँपवर जातो. म्हणून लावण्याआधी पॉटची दोन टोकं मोजा. १.२ च्या आसपास असेल तर ६.८ ऐवजी ८.२ किलोओहम लावा, म्हणजे पुन्हा ०.६८ वरच याल.

## ४. ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँप: ५ व्होल्टवर काय चालतं

एलएम३५८ चं आउटपुट पुरवठ्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. ते साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं. ५ व्होल्टवर गेटला फार तर ३.५ व्होल्ट मिळतील, आणि मॉसफेटचा सोर्स ०.३२ वर उचललेला असल्याने प्रत्यक्षात हाती उरतात ३.२. आयआरएलझेड४४एन १ ते २ व्होल्टच्या दरम्यान उघडू लागतो, त्याला हे पुष्कळ झालं. आयआरएफझेड४४एन २ ते ४ च्या दरम्यान उघडू लागतो. त्यातला एखादा नग चालेल आणि पुढचा चालणार नाही, आणि चूक कुठे आहे हे शोधण्यात दुपार जाईल.

मॉसफेटच्या माहितीपत्रकात ४७ अँप लिहिलेले असतात. त्यांचा आपल्याशी संबंध नाही. ते पूर्ण उघडून स्विचसारखं वापरण्यासाठी आहेत. आपण त्याला अर्धवट उघडा ठेवतो, तेव्हा आपली मर्यादा वॅटमध्येच मोजायची.

साधा ट्रान्झिस्टर घरात असेल तर? टीआयपी३१ चं गेन एक अँपला कमीत कमी २५ आहे, म्हणजे बेसला २७ मिलिअँप द्यावे लागू शकतात. एलएम३५८ कडून खात्रीने २० च मिळतात. शिवाय बेसचा प्रवाह सेन्स रेझिस्टरमधून जातो पण एलईडीतून जात नाही, त्यामुळे एलईडीला तेवढा प्रवाह कमी मिळतो. टीआयपी१२२ सारखा डार्लिंग्टन बेसला एखादाच मिलिअँप मागतो, पण स्वतःवर सुमारे एक व्होल्ट ठेवून घेतो. ३.६ व्होल्टचा एलईडी असेल तर ५ व्होल्टमध्ये त्याला जागा उरत नाही. म्हणून मी मॉसफेटवर स्थिरावलो.

ऑप-अँपही बदलू नका. ७४१ किंवा टीएल०७१ ला जमिनीजवळचं व्होल्टेज इनपुटला चालत नाही, आणि आपलं सगळं काम शून्य ते ०.३२ व्होल्टमध्ये आहे. एलएम३५८ नेमका त्यासाठी बनलेला आहे.

## ५. जोडणी

```
+5V -> LED anode ;  LED cathode -> IRLZ44N drain
IRLZ44N source -> Rs 0.47R -> GND
LM358 pin 8 -> +5V ;  pin 4 -> GND  (100nF across)
LM358 pin 3 <- pot wiper  (100nF to GND)
LM358 pin 2 <- 1k <- top of Rs
LM358 pin 1 -> 100R -> gate
10nF : pin 1 to pin 2
pin 5 -> GND ;  pin 6 to pin 7
+5V -> 1k -> TL431 cathode + ref ;  anode -> GND
TL431 cathode -> 6.8k -> pot 1k -> GND
470uF : +5V to GND
```

१०० ओहम, १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड हे त्रिकूट वगळू नका. मॉसफेटचं गेट ऑप-अँपला सुमारे १७०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखं दिसतं, आणि असा भार थेट लावला की एलएम३५८ डोलू लागू शकतो. तेव्हा प्रवाह स्थिर न राहता हजारो वेळा वरखाली होतो. डोळ्याला काही कळत नाही, पण ज्या पट्ट्यांपासून सुटका हवी होती ते कॅमेऱ्यात परत येऊ शकतात.

एलईडी, मॉसफेट, सेन्स रेझिस्टर आणि जमीन हा मार्ग ब्रेडबोर्डवर बांधू नका. ब्रेडबोर्डच्या एका सैल खाचेत पाच शतांश ओहम सहज जातो, आणि तो ०.४७ मध्ये मिळाला की मापात दहा टक्के फरक पडतो. झीरो पीसीबीवर जाड तारेने सोल्डर करा. पाय २ च्या १ किलोओहमकडे जाणारी तार सेन्स रेझिस्टरच्या वरच्या पायापासूनच काढा, आणि पॉट व टीएल४३१ ची जमीन सेन्स रेझिस्टरच्या खालच्या पायापाशीच आणा.

आता माझी खरी चूक. मॉसफेटची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. मी ती पॅड न लावता हीटसिंकवर आवळली, आणि हीटसिंक पत्र्याच्या डब्याला लावला. डबा जमिनीला जोडलेला होता. चालू करताच एलईडीचं ऋण टोक थेट जमिनीला गेलं, मॉसफेट आणि सेन्स रेझिस्टर दोन्ही बाजूला राहिले, आणि पूर्ण पुरवठा एलईडीवर पडला. एक झगझगीत क्षण, आणि एलईडी गेला. तुम्ही इन्सुलेटिंग पॅड आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग लावा, मग मल्टिमीटरच्या बीप रेंजवर मॉसफेटची पाठ आणि डबा यांच्यात आवाज येत नाही हे पाहूनच पुढे जा. स्टार बोर्डच्या मागच्या बाजूचीही हीच तपासणी करा.

## ६. एलईडीशिवाय पहिली चाचणी

एलईडीच्या जागी चार १एन५४०८ डायोड एकामागोमाग लावा. ०.६८ अँपला त्यांच्यावर मिळून सव्वातीन व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे ते एलईडीचं सोंग बऱ्यापैकी वठवतात. पॉट शून्यावर ठेवून पुरवठा द्या. आधी टीएल४३१ वर २.५ व्होल्ट आहेत का पहा. नसतील तर बहुधा त्याचे पाय उलटे लागले आहेत.

मग पॉट हळूहळू फिरवत सेन्स रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट पहा. त्यांना ०.४७ ने भागलं की मिलिअँप मिळतात: १०० ला सुमारे २१३, ३२० ला ६८०. मीटर अँपच्या रेंजवर मध्ये घालू नका. त्याच्या तारांचा रोधच ५ व्होल्टच्या तुटपुंज्या जागेतला वाटा खातो.

काही बिघडलं असेल तर तीन ठिकाणी मोजून बहुतेक वेळा कळतं. एलएम३५८ च्या पाय ३ आणि पाय २ वर सारखंच व्होल्टेज असायला हवं, काही मिलिव्होल्टचा फरक सोडून.

- पाय २ कमी आणि पाय १ साडेतीन व्होल्टवर अडकलेला: ऑप-अँप पूर्ण जोर लावतो आहे, पण प्रवाह येत नाही. पुरवठा बसतो आहे, चुकीचा मॉसफेट लागला आहे किंवा कुठे तरी सांधा सुटला आहे.
- पाय २ शून्यावर, पाय १ वर चढलेला, तरी डायोड तापत आहेत: ड्रेन जमिनीला टेकला आहे. ताबडतोब बंद करा.
- पाय २ जास्त आणि पाय १ शून्याजवळ: मॉसफेट आतून शॉर्ट आहे.
- दोन्ही सारखे, पण रेझिस्टरवर मीटरच्या एसी रेंजला काही मिलिव्होल्ट दिसतात: सर्किट डोलत असू शकतं. आधी १० नॅनोफॅरडचा सांधा पहा. साधे मीटर जलद डोलणं पकडत नाहीत, म्हणून ऑसिलोस्कोप मिळाला तर त्यानेच खात्री करा.

पॉट शून्यावर असताना एलईडी अगदी मंद तेवला तर तो बिघाड नाही. ३ मिलिव्होल्टची इनपुटची चूकसुद्धा सहा मिलिअँप देते, आणि तेवढ्यात एलईडी दिसतो. पूर्ण बंद हवा असेल तर पुरवठ्याला स्विच लावा.

## ७. एलईडी जोडा आणि तापमान पाहा

एलईडीलाही हीटसिंक लागतोच. सव्वादोन वॅटपैकी काही भाग उजेड म्हणून बाहेर जातो, पण हिशेबात सगळी उष्णताच धरा. चिपपासून स्टार बोर्डपर्यंत १०, पेस्टचा १ आणि हीटसिंकचे १२ मिळून २३ अंश प्रति वॅट. वाढ ५२ अंश, म्हणजे ४५ अंशांच्या खोलीत चिप ९७ वर. शंभराच्या आत ठेवणं हे माझं लक्ष्य असतं. हीटसिंक नसताना पूर्ण प्रवाह क्षणभरही देऊ नका.

पुरवठा चालू असताना एलईडीची तार काढून पुन्हा लावू नका. तार सुटली की ऑप-अँप गेट पूर्ण उघडतो, आणि जोडता क्षणी तो सावरेपर्यंत एलईडीला धक्का बसतो. जोडायचं ते पुरवठा बंद करूनच.

आता अर्धा तास पूर्ण उजेडावर चालू ठेवा. तापमान मोजणारा मल्टिमीटर असेल तर त्याचं टोक मॉसफेटच्या पाठीला लावा. आलेल्या आकड्यात वॅट गुणिले १.४ मिळवले की आतल्या चिपचं तापमान मिळतं, म्हणजे आपल्या बाबतीत पाठीपेक्षा एखाद-दोन अंशच जास्त. ड्रेन आणि सोर्स यांच्यातलं व्होल्टेज मोजून खरे वॅटही काढा. सुरुवातीला माझ्याकडे १.३९ व्होल्ट होते. अर्ध्या तासाने १.४८ झाले, कारण एलईडी तापून त्याचं स्वतःचं व्होल्टेज उतरलं आणि तेवढं मॉसफेटकडे आलं. रेझिस्टरवर मात्र ३२० मिलिव्होल्ट जिथल्या तिथे होते.

## ८. १२ व्होल्टच वापरायचे असतील तर

मग एकाऐवजी तीन एलईडी एकामागोमाग लावा. १२ मधून ९.९ आणि ०.३२ गेले की मॉसफेटवर १.७८ व्होल्ट उरतात, म्हणजे १.२ वॅट. त्याच हीटसिंकवर तिप्पट उजेड मिळतो. तिन्ही एलईडी ३.६ व्होल्टचे निघाले तरी ११.१ व्होल्ट लागतात, तेव्हा अ‍ॅडॅप्टर भारावर साडेअकराच्या खाली बसत नाही हे मोजून घ्या. वाईटात वाईट स्थितीही काढा: तिन्ही ३.० चे निघाले तर मॉसफेटवर २.७ व्होल्ट, म्हणजे १.८ वॅट पडतात, आणि ४५ अंशांच्या खोलीत चिप ८५ च्या आसपास जाते. टीएल४३१ च्या वरचा १ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४.७ किलोओहमचा लावा. बाकी सर्किटमध्ये काही बदलावं लागत नाही.